मुलाखतींपासून निर्णयापर्यंत: यूएक्स रिसर्चरच्या अर्जातला एक प्रश्न

यूएक्स रिसर्चरच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला एक प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातोच. तुमच्या एखाद्या अभ्यासामुळे उत्पादनाबद्दलचा कोणता निर्णय बदलला? कधी हा प्रश्न ऑनलाइन अर्जातल्या छोट्या चौकटीत असतो, कधी पोर्टफोलिओतल्या केस स्टडीने त्याचे उत्तर द्यायचे असते, तर कधी निवड समितीसमोर तासाभराचे सादरीकरण करायचे असते. प्रश्नाला एवढे वजन का, हे या कामाच्या स्वरूपावरून कळते. अ‍ॅप, वेबसाइट किंवा फोन वापरणाऱ्या माणसांशी बोलणे, ती वस्तू ते प्रत्यक्षात कशी हाताळतात ते पाहणे आणि त्यातून कळलेले बनवणाऱ्यांपर्यंत पोचवणे हे या संशोधकाचे काम. पडद्यावरचे बटण तो स्वतः काढत नाही, प्रोग्रॅम लिहीत नाही, आणि कोणती सोय ठेवायची याचा अंतिम शब्दही बहुधा त्याचा नसतो. म्हणून त्याच्या कामाचा परिणाम दिसतो तो दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांत.

बहुतेक अर्जदार या प्रश्नाच्या उत्तरात पद्धतीचे वर्णन करतात. किती लोकांच्या मुलाखती घेतल्या, चिठ्ठ्या भिंतीवर लावून त्यांचे गट कसे पाडले, अहवाल किती पानांचा झाला. हे सगळे खरे असते, पण विचारलेले दुसरेच असते. विचारलेले असते ते कारण आणि परिणाम यांच्यातल्या दुव्याबद्दल: आधी काय ठरणार होते, मुलाखतींत काय समोर आले, त्यामुळे काय वेगळे ठरले. हा दुवा कसा मांडावा हे समजून घेण्यासाठी लोकांसमोर आलेला एखादा खरा अभ्यास घेणे सोयीचे. नोकियाने 2006 मध्ये युगांडात केलेला, एकच फोन अनेकांनी मिळून वापरण्याच्या रिवाजाचा अभ्यास त्यासाठी फार चांगला आहे. त्यातला फोन महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांनीही हाताळलेला आहे.

हा अभ्यास नोकियाच्या डिझाइन विभागातले यान चिपचेस आणि इंद्री तुलुसान यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध केले. त्या वेळी नोकिया ही जगातली सर्वांत मोठी मोबाइल बनवणारी कंपनी होती. 2003 मध्ये आलेला तिचा 1100 हा टॉर्चवाला स्वस्त फोन आशिया आणि आफ्रिकेत घरोघरी पोचला होता. पुढचे नवे ग्राहक याच देशांतून, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतून येणार हे दिसत होते. या लोकांसाठीचा फोन कसा असावा, हा प्रश्न होता.

अर्जातल्या कथनाची पहिली पायरी इथेच येते, आणि सर्वांत जास्त वेळा गळते तीही हीच. अभ्यासाआधी उत्पादन कोणत्या समजुतीवर उभे होते, हे सांगावे लागते. मोबाइल फोनच्या रचनेत तेव्हा एक गृहीतक इतके मुरलेले होते की ते कोणाला वेगळे लिहून काढावेसेही वाटत नसे: एक फोन म्हणजे एक माणूस. फोनमध्ये नावांची यादी एकच. कोणाला फोन केला, कोणाचा आला, याची नोंदही एकच. संदेशांची पेटी एकच. बोलण्याचा खर्च कोणी केला हे विचारायची गरजच नाही, कारण बोलणारा एकच आणि पैसे भरणाराही तोच. या समजुतीतून पुढे जाऊन स्वस्त फोन बनवायचा तर वाट सरळ होती. महागड्या फोनमधल्या सोयी एकेक करून काढायच्या आणि किंमत खाली आणायची.

हा ‘आधी’चा भाग नीट मांडला नाही, तर पुढचा बदल वाचणाऱ्याला दिसतच नाही. ‘मुलाखतींतून कळले की लोक फोन वाटून वापरतात’ हे वाक्य नुसते वाचले तर ती एक रंजक माहिती ठरते. एक फोन एक माणूस या गृहीतकाशेजारी ते ठेवले, की त्याचा अर्थ बदलतो. मग त्या वाक्यामुळे नावांच्या यादीपासून खर्चाच्या नोंदीपर्यंत फोनचा प्रत्येक भाग पुन्हा तपासावा लागतो. अर्जदाराने स्वतःच्या अभ्यासाबद्दल लिहिताना हेच करायचे असते: संघाची त्या वेळची योजना एका साध्या वाक्यात लिहायची. योजना कागदावर असेल तर उत्तम. प्रॉडक्ट मॅनेजरची टिपणी, कामांची यादी, तयार झालेले रेखाटन यांपैकी कशात ती होती, हेही सांगता आले तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. अभ्यास संपल्यावर ‘आम्हाला आधी असे वाटत होते’ असे आठवून लिहिणे कच्चे, कारण निकाल कळल्यावर आपला जुना समज माणसाला जरा वेगळाच आठवतो. म्हणून जाणते संशोधक पहिल्या मुलाखतीच्या आधीच संघातल्या प्रत्येकाला त्याचा अंदाज लिहून द्यायला सांगतात आणि तो कागद जपून ठेवतात.

आता मुलाखतींकडे. युगांडातल्या गावांत तेव्हा फोन कियॉस्क चालत. 2003 पासून ग्रामीण फाउंडेशन आणि एमटीएन युगांडा यांच्या व्हिलेजफोन योजनेतून छोट्या कर्जावर फोन घेऊन गावात बोलण्याची वेळ विकणाऱ्या, मुख्यतः महिला, चालक तयार झाल्या होत्या. त्यांच्याशिवाय शेजाऱ्यांना फोन देणारे दुकानदार होते, एकाच फोनवर चालणारी कुटुंबे होती. अशा लोकांशी त्यांच्या जागी जाऊन बोलणे आणि व्यवहार चालू असताना तो पाहणे, या दोन्ही गोष्टी संशोधकांनी केल्या.

अशा मुलाखतीत प्रश्नाचा काळ महत्त्वाचा असतो. ‘एका फोनमध्ये दोन माणसांच्या वेगळ्या याद्या असत्या तर तुम्हाला आवडेल का?’ असे विचारले, की समोरचा माणूस सौजन्याने ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ निरुपयोगी असते. ‘हा फोन काल कोणी कोणी वापरला?’ असे विचारले, की घडलेली गोष्ट बाहेर येते. सकाळी मुलाने कोणाला फोन केला, शेजारीण कशाला आली होती, तिने पैसे दिले का, दिले तर किती आणि ते कसे मोजले. मग बोलता बोलता वस्तू पुढे येतात: नंबर लिहिलेली वही, रिचार्जचे खरवडलेले कार्ड, कॉलची वेळ मोजायला ठेवलेले घड्याळ. मुलाखतीतला पुरावा म्हणून अशी वस्तू आणि तिच्यामागची घडलेली गोष्ट यांची किंमत मतापेक्षा कितीतरी जास्त असते.

युगांडातून जे समोर आले त्यात काही रिवाज आपल्याकडच्या वाचकाला लगेच ओळखू येतील. पैसे वाचवण्यासाठी मिस्ड कॉल देणे हा त्यातला एक. काही जण पैसे एकत्र करून रिचार्ज घेत, कारण सर्वांत छोटे कार्डही एकट्याला परवडत नसे. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा निरोप कियॉस्कचालक संदेश म्हणून घेई आणि मग स्वतः चालत जाऊन किंवा कोणाला पाठवून त्या माणसापर्यंत पोचवी. ज्यांना फोनची बटणे दाबता येत नसत किंवा वाचता येत नसे, त्यांच्यासाठी चालकच नंबर लावून देई. आणि नावांची यादी फोनमध्ये नसून फोनबाहेर असे. गावातल्या अनेकांचे नंबर एका सामाईक वहीत किंवा फलकावर लिहिलेले असत.

या सगळ्यांत सर्वांत नवलाची होती ती ‘सेन्ते’ नावाने ओळखली जाणारी पैसे पाठवण्याची रीत. शहरात काम करणाऱ्या माणसाला गावी पैसे पाठवायचे आहेत, पण बँक जवळ नाही. तो रिचार्ज कार्ड विकत घेई, पण ते स्वतःच्या फोनमध्ये भरत नसे. गावातल्या कियॉस्कचालकाला फोन करून कार्डावरचा आकडा वाचून दाखवी. चालक तो आपल्या फोनमध्ये भरी. तो टॉकटाइम पुढे गिऱ्हाइकांना विकता येत असल्याने त्याला तो हवाच असे. आपली दलाली कापून उरलेली रोख रक्कम तो त्या माणसाच्या घरच्यांना देई. कोणत्याही कंपनीने ही सेवा आखलेली नव्हती. लोकांनी ती हाताशी असलेल्या साधनांतून उभी केली होती.

अर्ज लिहिणाऱ्याची परीक्षा खरी इथे असते. समोर इतके समृद्ध साहित्य आल्यावर ते सगळेच सांगावेसे वाटते, आणि सेन्तेसारखी गोष्ट तर प्रत्येकाला ऐकावीशी वाटते. पण प्रश्न निर्णयाचा आहे. म्हणून ज्या निरीक्षणामुळे निर्णय हलला, त्याच निरीक्षणाचा धागा धरून पुढे जावे लागते. नोकियाच्या बाबतीत तो धागा सामाईक वहीचा आणि बोलण्याच्या खर्चाच्या हिशेबाचा आहे.

या धाग्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली निरीक्षणाची: एका फोनवर अनेक माणसे अवलंबून आहेत, त्यांचे नंबर फोनबाहेर लिहिलेले आहेत आणि कॉलचे पैसे चालक किंवा मालक वेगळे मोजतो. दुसरी अर्थ लावण्याची: फोन घेणारा आणि वापरणारा ही वेगवेगळी माणसे आहेत. वापरणाऱ्याला आपली नावे वेगळी हवीत, मालकाला खर्चावर ताबा हवा, आणि फोन या दोन्हींपैकी कशातच मदत करत नाही. तिसरी शिफारशीची: याद्या वेगळ्या कराव्यात आणि कॉलला मर्यादा घालण्याची सोय द्यावी. पहिल्या पायरीवर वाद होऊ शकत नाही, कारण ते पाहिलेले आहे. दुसरीवर होऊ शकतो. लोक सामाईक वही वापरतात ती फोनमध्ये जागा नाही म्हणून की फोन हरवला तर नंबर जाऊ नयेत म्हणून, असा वेगळा अर्थ कोणी लावू शकतो, आणि त्या अर्थाने शिफारसही वेगळी निघेल. तिसरीवर तर वाद व्हायलाच हवा, कारण एकाच अडचणीवर अनेक उपाय असतात. अर्जात या तीन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या, तर वाचणाऱ्याला कळत नाही की अर्जदाराने काय पाहिले आणि काय ठरवून टाकले. त्या सुट्या ठेवल्या आणि ‘दुसरा अर्थ आम्ही या कारणाने बाजूला ठेवला’ असे एक वाक्य घातले, तर त्या एका वाक्यातून विचार करण्याची रीत दिसते.

2007 मध्ये नोकियाचे 1200 आणि 1208 हे फोन आले. दिसायला ते 1100 च्याच कुळातले, टॉर्चसह. पण त्यात नावांच्या पाचपर्यंत वेगवेगळ्या याद्या ठेवता येत, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला आपली यादी मिळे. बोलायला सुरुवात करण्याआधी कॉलला वेळेची किंवा पैशांची मर्यादा लावता येई. ही दोन्ही साधने फोन वाटून वापरणाऱ्यांसाठी म्हणूनच कंपनीने पुढे आणली. सोयी काढून फोन स्वस्त करण्याच्या वाटेवर, एका स्वस्त फोनमध्ये त्या काळच्या महागड्या फोनमध्येही नसलेली सोय घातली गेली. एक फोन एक माणूस हे गृहीतक ज्या ठिकाणी बदलले ते ठिकाण असे बोट ठेवून दाखवता येते.

निर्णयाचे वर्णन करताना त्याची किंमतही सांगायला हवी. वेगळ्या याद्या दिल्या म्हणजे फोन वापरणे थोडे गुंतागुंतीचे होते. आत्ता कोणाची यादी उघडी आहे हे लक्षात ठेवावे लागते, एकाने भरलेला नंबर दुसऱ्याला सापडत नाही. जो फोन एकटाच माणूस वापरतो त्याला ही सोय म्हणजे मेनूमधली एक जादा ओळ. निर्णय म्हणजे काहीतरी सोडून काहीतरी घेणे, आणि काय सोडले ते अर्जात आले नाही तर तो निर्णय होता की सर्वांना आधीच मान्य असलेली दुरुस्ती होती, असा संशय राहतो.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक. मुलाखतींमुळे हा फोन असा झाला, असे म्हणता येईल का? 2008 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवार पुरवणीतल्या मासिकाने चिपचेस यांच्यावर मोठा लेख छापला. फोन वाटून वापरण्याच्या त्यांच्या अभ्यासाचा प्रभाव पडून नोकिया अनेक याद्यांचे फोन बनवू लागली, अशा अर्थाने त्यात हा संबंध सांगितलेला आहे. प्रभाव पडला, हे नेमके क्रियापद आहे. फोन बनवताना अभियंते असतात, किंमत ठरवणारे असतात, त्या त्या देशातले विक्रेते असतात आणि त्यांच्याकडूनही माहिती येत असते. एका अभ्यासाने एकट्याने फोन घडवला असे म्हणणे इतरांच्या कामावर अन्याय करणारे ठरते, आणि अनुभवी समितीला ते लगेच खटकते. ‘सुचवले’, ‘प्राधान्यक्रम वर नेला’, ‘थांबवले’, ‘दोन पर्यायांतून एकाकडे कल वळवला’ ही क्रियापदे वेगवेगळ्या आकाराचे दावे करतात. आपल्या अभ्यासाने यांपैकी नेमके काय केले, ते ओळखून तेच क्रियापद वापरावे.

दाव्याचा आकार किती सहज फुगतो, हे सेन्तेवरूनच दिसते. नोकियाने 2009 मध्ये नोकिया मनी ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा जाहीर केली. पुढच्या वर्षी येस बँकेबरोबर तिची भारतातली सुरुवातीची चाचणी पुण्यात झाली. 2012 मध्ये कंपनीने हा व्यवसाय गुंडाळायला घेतला. युगांडात संशोधकांनी सेन्ते पाहिले 2006 मध्ये आणि पैसे पाठवण्याची सेवा आली तीन वर्षांनी, तेव्हा ही दोन टोके जोडून एक देखणी गोष्ट तयार करण्याचा मोह कोणालाही होईल. पण मध्ये 2007 साली केनियात सफारीकॉमची एम-पेसा सुरू होऊन प्रचंड यशस्वी झाली होती आणि जगभरच्या कंपन्या तिच्याकडे पाहत होत्या. नोकिया मनीमागे सेन्तेपेक्षा एम-पेसाचा आदर्श असणे जास्त संभवते. याद्यांच्या बाबतीत निरीक्षण आणि सोय यांच्यातला धागा छोटा आणि सरळ आहे, कारण वहीची जागा यादीने घेतली. पैशांच्या बाबतीत तो लांब आहे आणि वाटेत त्यात इतर अनेक धागे मिसळले आहेत. अर्जात पहिला दावा करावा, दुसरा करू नये. सेन्तेचे निरीक्षण निर्णयापर्यंत पोचले नाही म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. निर्णयाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मात्र ते चालत नाही.

आकड्यांबद्दलही असाच संयम लागतो. मुलाखतींचे अभ्यास लहान असतात आणि त्यातून टक्केवारी काढणे चूक आहे. दहा जणांशी बोलून ‘70 टक्के लोक फोन वाटून वापरतात’ असे लिहिले, तर ते वाक्य गणिताने बरोबर आणि अर्थाने खोटे असते, कारण ते दहा जण संशोधकाने निवडलेले असतात आणि बहुधा फोन वाटून वापरतात म्हणूनच निवडलेले असतात. काय काय प्रकार घडतात आणि ते का घडतात, हे मुलाखती सांगतात. किती जणांत घडतात हे सांगायला मोठे सर्वेक्षण किंवा वापराच्या नोंदी लागतात. ‘दहापैकी सात जणांनी’ असे सरळ लिहिले की वाचणारा स्वतःच अंदाज बांधतो.

मग किती मुलाखती पुरेशा, हा समितीचा आवडता प्रश्न. त्याला उत्तर देताना पुष्कळ अर्जदार ‘पाच’ असे ठोकून देतात. पाचचा आकडा जेकब नील्सन यांच्यामुळे प्रसिद्ध झाला, पण तो तयार पडदा लोकांना वापरायला देऊन त्यातल्या अडचणी शोधण्याच्या चाचणीबद्दल आहे. मोकळ्या मुलाखतींसाठी तो लागू करणे म्हणजे एका कामाचे माप दुसऱ्याला लावणे. मुलाखतींबद्दल जास्त उद्धृत होतो तो ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांचा 2006 चा अभ्यास. घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या साठ मुलाखती तपासताना त्यांना दिसले की पहिल्या बारा मुलाखतींत जवळजवळ सगळे विषय येऊन गेले होते आणि मुख्य विषय तर सहाव्यापर्यंतच दिसू लागले होते. त्या महिला बऱ्यापैकी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, हेही त्यांनी नोंदवले आहे. युगांडासारख्या अभ्यासात कियॉस्कचालक, त्याचे गिऱ्हाईक आणि एका फोनवर चालणारे कुटुंब हे तीन वेगळे गट आहेत, म्हणून प्रत्येक गटात पुनरुक्ती सुरू होईपर्यंत बोलावे लागेल. ‘शेवटच्या दोन-तीन मुलाखतींत नवे काही आले नाही, म्हणून थांबलो’ हे उत्तर कोणत्याही ठरावीक आकड्यापेक्षा भक्कम आहे.

अभ्यास फसतो कुठे, हेही समितीला ठाऊक असते आणि ती तिथेच बोट ठेवते. कियॉस्कचालक बोलका असतो, त्याला वेळ असतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे खूप असते. म्हणून संशोधकाचा बराच वेळ त्याच्यापाशी जातो आणि गिऱ्हाइकाची बाजू चालकाच्या तोंडून ऐकली जाते. चालक म्हणेल की लोकांना त्याने नंबर लावून दिलेला आवडतो. गिऱ्हाइकाला वाटत असेल की आपले बोलणे त्याच्या कानावर जाऊ नये. दुभाषा मध्ये असेल तर चार वाक्यांचे एक होते आणि नेमका तपशील गळतो. पाहुणे फोन बनवणाऱ्या कंपनीचे आहेत हे कळले, की तक्रारी सौम्य होतात. यांपैकी काही घडले होते की नाही, ते नोंदींवरून ओळखता येते. सगळी चांगली उदाहरणे एकाच माणसाच्या तोंडची आहेत का, ऐकलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळते का, आणि अपेक्षेविरुद्ध जाणारे एकही उदाहरण नोंदींत नसेल तर ते का नाही, हे पाहावे. विरोधी उदाहरण नसलेला अभ्यास बहुधा ऐकायचे तेवढेच ऐकून आलेला असतो.

याहून अवघड फसगत कार्यालयात होते. निर्णय आधीच झालेला असतो आणि मुलाखती त्याला शिक्का म्हणून मागवल्या जातात. निकाल निर्णयाशी जुळला की तो सर्वांना दाखवला जातो. न जुळला तर ‘नमुना लहान आहे’ म्हणून बाजूला पडतो. अशा अभ्यासाला निर्णय बदलणारा म्हणून अर्जात घालणे धोक्याचे, कारण समितीचा पहिलाच प्रश्न असतो: मुलाखतींतून उलटे काही आले असते, तर तुमचा संघ काय करणार होता? ज्या अभ्यासात या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, तोच निवडावा. काही वेळा बदललेला निर्णय म्हणजे न केलेली गोष्ट असते. सहा महिने चालणारे काम सुरूच झाले नाही, एक सोय रद्द झाली, एका गटापुरती मर्यादित ठेवली गेली. दाखवायला पडद्यावर काहीच नसते, म्हणून अर्जदार असे काम वगळतात. पण दुवा स्पष्ट असेल तर हे उत्तम उदाहरण ठरते, कारण वाचलेला वेळ आणि पैसा यांचा हिशेब संघाकडे लेखी असतो.

ही सगळी मांडणी अर्जाच्या छोट्या चौकटीत बसते. नोकियाचेच उदाहरण त्या चौकटीत घालायचे, तर जे लोकांसमोर आहे त्यावरून ते साधारण असे होईल: ‘स्वस्त फोनची रचना एका फोनला एकच वापरणारा असे धरून केली जात होती. युगांडात कियॉस्कचालक, गिऱ्हाइके आणि एका फोनवर चालणारी कुटुंबे यांच्याशी त्यांच्या जागी बोलून, आणि व्यवहार पाहून, दिसले की नंबर फोनबाहेर सामाईक यादीत लिहिले जातात आणि कॉलचा खर्च मालक वेगळा मोजतो. यावरून फोनचा मालक आणि वापरणारा वेगळे असल्याचे संघापुढे मांडले. पुढच्या वर्षीच्या स्वस्त फोनमध्ये नावांच्या वेगळ्या याद्या आणि कॉलची मर्यादा या सोयी आल्या. त्यांच्या निवडीवर या अभ्यासाचा प्रभाव होता. असा वापर किती घरांत होतो, हे या मुलाखतींनी सांगितले नाही.’ सहा वाक्ये. आधीची समजूत, पुरावा, अर्थ, निर्णय आणि मर्यादा, सगळे त्यात आले. पद्धतीला जेमतेम अर्धे वाक्य मिळाले, आणि तेवढे पुरते.

स्वतःच्या अभ्यासाबद्दल असे लिहिताना दोन बंधने पाळावी लागतात. मुलाखत देणाऱ्याने ज्या कामासाठी संमती दिली, त्यात नोकरीचा अर्ज बहुधा नसतो, म्हणून त्याचे नाव, चेहरा, आवाज किंवा गावावरून ओळख पटेल असा तपशील अर्जात येता कामा नये. आधीच्या कंपनीशी गोपनीयतेचा करार असेल तर बाजारात न आलेल्या वस्तूचे रेखाटन किंवा अंतर्गत आकडे दाखवता येत नाहीत. तेव्हा कंपनीचा प्रकार आणि निर्णयाचा आकार सांगून नाव झाकता येते. ‘छोट्या दुकानदारांसाठीच्या हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये’ एवढ्यानेही वाचणाऱ्याला संदर्भ कळतो. करार मोडून दाखवलेली चित्रे समितीला प्रभावित करत नाहीत. हा माणूस उद्या आपलीही कागदपत्रे अशीच दाखवेल, हे तिच्या लगेच लक्षात येते.

लेखी अर्जानंतर प्रत्यक्ष बैठकीत याच सहा वाक्यांवर प्रश्न येतात, आणि बहुतेक प्रश्न वाक्यांच्या मधल्या जागांवर असतात. तुमचा निष्कर्ष प्रथम कोणी नाकारला? ते मत कशाने बदलले: एका वहीच्या छायाचित्राने, मुलाखत स्वतः ऐकल्याने, की दुसऱ्या विभागाच्या आकड्यांनी? संघातले कोण तुमच्याबरोबर मुलाखतींना आले होते? सोय आल्यावर ती लोकांनी वापरली का, आणि ते तुम्ही कसे तपासले? यांची तयारी म्हणून मुलाखतींचा आराखडा, एखाद-दुसऱ्या मुलाखतीच्या ओळख पुसलेल्या नोंदी आणि निर्णयाआधीची व नंतरची योजना एवढे कागद हाताशी ठेवावेत. ज्या मधल्या जागेबद्दल अर्जदाराकडे पुरावा नाही, तिथे ‘हे आम्ही तपासले नाही’ एवढे म्हणून पुढच्या प्रश्नाकडे जावे.